चक्कर येऊन पडले, बीपी ९०-६० निघाला, आता काय करू?

पत्र: ताई, मी जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, वय २३, पहिलीच वेळ आहे. २२ मार्चला पाळी आली होती त्यानंतर नाही, घरीच टेस्ट केली, दोन रेघा आल्या. उलट्या चालूच आहेत. १२ मेला सकाळी टँकरच्या रांगेत उभी होते, दीडेक तास झाला असेल, डोळ्यापुढं अंधारी आली अन् मी खालीच पडले. मिनिटभरात शुद्धीवर आले. गावातल्या डॉक्टरनी बीपी ९०-६० सांगितला, लो बीपी आहे म्हणून सलाईन लावली. तेव्हापासून उठलं की गरगरायलंय. सासूबाई म्हणतात अशक्तपणा आहे, अजून दोन सलाईनी लावून घे. उजव्या बाजूला ओटीपोटात थोडं थोडं दुखतंय पण त्या म्हणतात गर्भ धरताना दुखतंच. सोनोग्राफी तिसऱ्या महिन्यात करू म्हणतात. बाळाला काही झालं नसेल ना? बीपी वाढवायची गोळी सांगा.

उत्तर:

अगं बाई, बीपीचं नंतर बघू, आधी त्या उजव्या बाजूच्या दुखण्याचं बोलू, कारण मला काळजी वाटली ती त्याच ओळीची. तू पडलीस त्या दिवशी तुला ७ आठवडे आन् २ दिवस झाले होते. हा काळ असा असतो की गर्भ नेमका पिशवीतच आहे की नळीत अडकलाय हे बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, मला नाही, तुझ्या डॉक्टरला नाही आन् सासूबाईंना पण नाही. टेस्टच्या दोन रेघा दोन्हीकडं सारख्याच येतात. म्हणून हे वाचलं की आजच्या आज, फार तर उद्या सकाळी, तालुक्याला जाऊन सोनोग्राफी करून घे, तिसऱ्या महिन्याची वाट बघू नको. आशाताई म्हणतील ९ तारखेला सरकारी तपासणी असते तेव्हा या, ती तपासणी चांगलीच असते, पुढं दर महिन्याला जरूर जा, पण हे काम ९ तारखेपर्यंत थांबण्यासारखं नाही.

घाबरवत नाहीये गं. बाजूला दुखण्याचं साधं कारण पण असतं. ज्या बाजूच्या बीजकोशातून बीज सुटलं तिथं एक छोटी पाण्याची गाठ तयार होते, तीच सुरुवातीचे काही आठवडे गर्भाला लागणारं हार्मोन पुरवते, ती दुखते कधी कधी आन् पुढं आपोआप विरून जाते. पुष्कळ जणींना हेच असतं. पण शंभरातल्या एक-दोघींना गर्भ नळीत रुजतो आन् नळी काही पिशवीसारखी ताणत नाही, साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या आसपास ती फुटू शकते. दोन्हीचं दुखणं सुरुवातीला सारखंच, हात लावून फरक कळत नाही. सोनोग्राफीत सात आठवड्याला पिशवीत थैली आन् बहुतेक वेळा ठोके दिसायला पाहिजेत. पोटावरून नीट दिसलं नाही तर आतून करतात, त्यानं गर्भाला काही होत नाही, लाजू नको. तरी काहीच दिसलं नाही तर रक्ताची बीटा एचसीजी टेस्ट सांगतील आन् ४८ तासांनी परत करायला लावतील, दुसऱ्यांदा जायचा कंटाळा करू नको, एका आकड्यावरून काही ठरत नाही, दोन आकड्यांमधला फरक बघायचा असतो.

मी तीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलंय, त्यातली एक रात्र अजून डोळ्यासमोर आहे. सहा आठवड्यांची बाई, दुसरी खेप. दुपारपासून पोटात दुखत होतं, घरच्यांनी गॅस म्हणून ओवा दिला, संध्याकाळी तिला सारखं संडासला लागल्यासारखं व्हायलं, गेली आन् तिथंच पडली. उचलून खाटेवर टाकली तर परत तेच, आडवी असताना पण डोळे फिरवायली. आमच्याकडं आणली तेव्हा खालची पापणी ओढून बघितली तर आत लालीच नाही, पांढरी फटक, हातपाय गार, नाडी १३० च्या पुढं, आन् अंगावर जायचं म्हणाल तर कपड्याला नुसते डाग. रक्त सगळं पोटात साचत होतं. उजवा खांदा दुखतोय म्हणायली, घरच्यांना वाटलं पडल्यानं लागला असेल, पण पोटातलं रक्त वर फुफ्फुसाखालच्या पडद्याला लागलं की दुखणं खांद्याच्या टोकाला जाणवतं. ऑपरेशन झालं, रक्त चढवलं, वाचली ती. संडासची ती भावना आन् खांदा, ह्या दोन गोष्टी घरोघर चुकतात म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आता तुझं पडणं कसं होतं ते बघ. दीड तास उभी, मे महिन्याचं ऊन, उलट्यांनी पोटात पाणी टिकत नाही, आन् माझा अंदाज सकाळी फार तर चहा झाला असेल. उभं राहिल्यावर रक्त पायात उतरतं. गरोदरपणात हार्मोनमुळं रक्तवाहिन्या सैल पडतात म्हणून ते आणखी उतरतं, आन् अंगात वाढीव रक्त तयार व्हायला तर आत्ता कुठं सुरुवात झालेली असते. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं, आधी अंधारी, मग दरदरून घाम, कानात आवाज, आन् माणूस खाली. आडवं पडलं की रक्त आपोआप डोक्याकडं येतं म्हणून तू मिनिटभरात उठलीस. ही साधी भोवळ, आन् तिची खूणच ही की आडवं केलं की बरं वाटतं, रंग परत येतो. आडवं करून पण बरं वाटत नसेल, नाडी जोरात पळत असेल, तर ती साधी नाही. तू लवकर उठलीस म्हणजे त्या दिवशी बहुतेक साधीच भोवळ होती असं मला वाटतं, पण त्यानं दुखण्याचा निकाल लागत नाही, तो सोनोग्राफीनंच लागेल.

बाळाचं म्हणशील तर अशा मिनिटभराच्या भोवळीनं त्याला काही होत नाही. एवढ्या दिवसांचं बाळ कमरेच्या हाडांच्या आत असतं, पडण्याचा मार तिथपर्यंत सहसा जात नाही. जपायचं तुझं डोकं.

९०-६० हा आकडा बारीक अंगाच्या पोरीचा नेहमीचा पण असू शकतो. गरोदरपणात बीपी पहिल्या महिन्यांपासूनच उतरतो, पाचव्या-सहाव्या महिन्यात सगळ्यात खाली असतो आन् शेवटी शेवटी परत वर येतो. म्हणून नुसता आकडा बघून गोळी देत नाहीत, मी पण सांगणार नाही. सलाईनचं असं आहे, उलट्यांमुळं पाणीच पोटात राहत नसेल, लघवी गडद पिवळी व्हायली किंवा आठ-आठ तास लघवीच होत नसेल, तर सलाईन लागतेच आन् ती दवाखान्यातच लावून घ्यायची, आन् उलट्यांसाठी गरोदरपणात चालणारी गोळी पण तिथंच मागायची. नुसता आकडा वाढवायला लावलेली बाटली काही तासांत लघवीवाटे निघून जाते. त्यापेक्षा त्यांना सांग की बीपी आडवं असताना एकदा आन् उभं राहिल्यावर तीन मिनिटांत परत एकदा बघा, वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं पडला तर उठल्यावरचं गरगरणं कशामुळं ते कळेल. हिमोग्लोबिन पण करून घे. ११ च्या खाली असेल तर चक्करेला ते पण कारण असतं, आन् ७ च्या खाली गेलं तर घरी बसून चालत नाही. लोहाची गोळी साधारण तीन महिन्यांनंतर सुरू करतात, आत्ता फॉलिक ॲसिड चालू नसेल तर मागून घे.

घरी काय करायचं तर सकाळी डोळे उघडल्या उघडल्या उठू नको, उशाशी भाजलेले शेंगदाणे किंवा भाकरीचा कोरडा तुकडा ठेव, दोन घास खा, मग काठावर दोन मिनिटं बसून पाय हलव, मग उठ. पाणी एकदम तांब्याभर पिलीस तर उलटून येईल, अर्ध्या तासाला चार घोट घे, मीठ टाकलेलं ताक, पन्हं, ओआरएस काहीही चालेल. कडक पाण्यानं अंघोळ नको, आन् मोरीची कडी आतून लावू नको. रांगेत उभं राहायची वेळ आलीच तर अंधारी यायच्या आधीच्या त्या दोन-चार सेकंदांत पाय एकमेकांत अडकवून मांड्या घट्ट आवळ, तेवढ्यानं बसायपुरता वेळ मिळतो, आन् बस म्हणजे बसच, लोक काय म्हणतील हे बघू नको. खरं तर दोन महिने टँकरची रांग नवऱ्याच्या किंवा दिराच्या वाट्याला द्यायची. उपास सोडून दे सध्या.

परत पडलीस तर घरच्यांनी काय करायचं ते सासूबाईंना वाचून दाखव. आडवं झोपवायचं, पाय दोन उशांवर, कपडे सैल, भोवती गर्दी नको. उठवून बसवायचं नाही, शुद्ध नसताना तोंडात पाणी किंवा साखर घालायची नाही, कांदा आन् चप्पल हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही. मान वाकडी करून कुशीवर करायचं उलटी झाली तर.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग आन् हे पण सांग की गर्भ धरताना थोडं मधोमध दुखतं, पाळी आल्यासारखं, ते खरंय, त्यांचा अनुभव खोटा नाही. पण एकाच बाजूला दुखत राहणं वेगळं, त्याची सोनोग्राफी लगेच करायची, आन् ते दुखणं वाढत जाणं, डाग दिसणं, खांदा दुखणं, संडासला लागल्यासारखं होत राहणं, किंवा परत भोवळ, यातलं काही झालं तर गावच्या डॉक्टरकडं बीपी मोजायला पण थांबायचं नाही, सरळ १०८ ला फोन करायचा आन् ऑपरेशन आन् रक्ताची सोय आहे अशाच दवाखान्यात जायचं, लहान ठिकाणी गेलं की परत पुढं पाठवण्यात तास जातो. तसंच बसल्या जागी किंवा झोपलेली असताना बेशुद्ध पडलीस, छाती धडधडून दम लागला, तर तो हृदयाचा प्रश्न असू शकतो, तेव्हा ईसीजी मागायचा.

जाताना टेस्टची पट्टी, पाळीची तारीख कागदावर लिहून आन् आधारकार्ड घे, सोबत कुणीतरी असू दे, गाडीवर मागं बसून जाऊ नको, मध्येच चक्कर आली तर धरायला कुणी नसतं, एसटीनं किंवा रिक्षानं जा. डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांग, "सात आठवडे झालेत, चक्कर येऊन पडले आन् उजव्या बाजूला दुखतंय". लो बीपी हा शब्द आधी काढलास तर सगळे बीपीच्याच मागं लागतील. आन् रिपोर्टमध्ये काय आलं ते मला कळव, मी वाट बघतेय.