घामोळं की नव्या उन्हाचं पुरळ?

प्रश्न: मी म्युनिकला राहते. दरवर्षी मे महिन्यात पहिलं कडक ऊन पडलं की दोन्ही हातांवर आणि गळ्याखाली बारीक खाजरे फोड येतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन, इथले लोक झोनेन-आलेर्गी म्हणतात, आणि आई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली, अगं घामोळं आहे, पावडर लाव. डिसेंबरमध्ये रत्नागिरीला गेले तेव्हाही आलं होतं, म्हणजे घामोळंच ना? याला मराठीत नक्की काय म्हणायचं?

उत्तर: आईंचा दोष नाहीये, दोष आपल्या 'ऊन' या शब्दाचा आहे. ऊन म्हणजे सूर्याचा प्रकाश पण आणि उष्णता पण. ऊन ऊन भात, अंघोळीला ऊन पाणी, आणि अंगणात पडलेलं ऊन, सगळीकडे तोच शब्द, कारण तो आलाय संस्कृत 'उष्ण'वरून, प्राकृतात 'उण्ह', आणि पुढे झिजून ऊन. म्हणजे सूर्याकडून जे येतं त्याला आपण मुळात गरम या गुणावरून नाव दिलं, उजेडावरून नाही. मग उन्हात गेल्यावर अंगावर काही उठलं की मराठी डोकं आधी गरमीकडेच जाणार. कोवळं ऊन, रणरणतं ऊन, ऊन उतरलं, हे सगळं पण चटका किती बसतो त्यावरून ठरवलेलं.

'घाम'ची गोष्ट तर अजून मजेशीर आहे. संस्कृत 'घर्म' म्हणजे मुळात उष्णता, आणि त्याचा ग्रीकमधला चुलतभाऊ म्हणजे थर्मामीटरमधला 'थर्म'. नेपाळीत आजही घाम म्हणजे ऊन, तिकडे 'घाम लाग्यो' म्हटलं तर ऊन पडलं. आपल्याकडे मात्र त्याचा अर्थ सरकत सरकत अंगातून निघणाऱ्या पाण्यावर येऊन थांबला आणि त्या पाण्यावरून घामोळं, घामोळ्या. आणि हा शब्द फार अचूक आहे बरं का, इतका की डॉक्टरी नावापेक्षा सरस. डॉक्टरी नाव मिलिआरिया, ते लॅटिन 'मिलियम'वरून, म्हणजे बाजरी-वरीसारखं बारीक धान्य, फोडांचा आकार बघून दिलेलं. मराठी शब्द थेट कारण सांगतो. घामाची नळी कातडीत तोंडाशी तुंबते, घाम बाहेर पडायला वाव मिळत नाही, आतल्या आत झिरपतो आणि टोचल्यासारखी खाज सुटते. सूर्याचा इथे संबंधच नाही. कोकणातल्या मे महिन्यात घरात, सावलीत, पाळण्यात झोपलेल्या बाळाला मानेच्या वळीत आणि पाठीवर घामोळं येतं, त्याने सूर्य बघितलेला पण नसतो.

तुमचं बरोबर उलटं आहे. म्युनिकमध्ये मे महिन्यात दुपारी सतरा-अठरा डिग्री असतात, वर वारा, माणूस जॅकेट काढून बाह्या वर करून खुशीत गवतावर बसतो कारण घाम येतच नाही. पण मे महिन्याच्या मध्यावर सूर्य दुपारी जितका वर असतो तितकाच जुलैच्या शेवटी असतो, फक्त हवा अजून तापलेली नसते. म्हणजे उष्णता कमी आणि अल्ट्राव्हायोलेट भरपूर, आणि 'ऊन' हा एकच शब्द हाताशी असल्यावर ही फोड करणं अवघड जातं. तुमच्या अंगावर जे उठतं ते या न दिसणाऱ्या किरणांमुळे, त्यातही जास्त करून यूव्हीए, जे साध्या खिडकीच्या काचेतून बरेचसे आत येतात. म्हणून काहींना गाडीत खिडकीकडे बसल्यावर त्याच बाजूच्या हातावर उठतं आणि ते एसीला दोष देतात.

आता नावाकडे. पॉलिमॉर्फिकचं शब्दशः भाषांतर 'बहुरूपी' कुणीतरी करणारच म्हणून आधीच सांगतो, करू नका. आपला बहुरूपी आज पोलीस, उद्या देवी, परवा अजून काही. हे पुरळ तसं वागत नाही. एकाला टाचणीच्या डोक्याएवढे बारीक दाणे येतील, दुसऱ्याला मोठे चट्टे, तिसऱ्याला पाण्याचे फोड, पण ज्याचं जे रूप असेल तेच साधारण दरवर्षी येतं. बहुरूप आहे ते सगळ्या रोग्यांना एका रांगेत उभं केलं तर. आणखी एक गोष्ट, नेटवरचे फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात, लालभडक. आपल्या सावळ्या कातडीवर बरेचदा बारीक बारीक दाणे दिसतात आणि ते लाल न दिसता कधी कातडीच्याच रंगाचे तर कधी फिकट असतात, त्यामुळे ते घामोळ्यासारखे दिसतात हे खरंच आहे, आईंनी तसं म्हटलं यात नवल नाही.

झोनेन-आलेर्गी, म्हणजे उन्हाची अॅलर्जी, हे नाव अर्धं बरोबर आहे. माझी बहीण त्वचारोगतज्ज्ञ आहे, तिला यावरून मी दोनदा फोन केला. ती म्हणते की किरणांमुळे कातडीतल्याच एखाद्या पदार्थात बदल होतो आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्याला परका समजून उठते असं मानलं जातं. एरवी ऊन ही यंत्रणा कातडीपुरती जराशी झोपवतं, म्हणून बाकीच्यांना काही होत नाही, पण या लोकांमध्ये ती नीट झोपत नाही. आणि ही उठते ती सावकाश, काही तासांनी. अॅलर्जी म्हटलं की आपल्याला शिंगदाणा खाल्ला आणि लगेच गांधी उठल्या असं काहीतरी डोळ्यासमोर येतं, ते इथे लागू नाही. उन्हात गेल्या गेल्या मिनिटांत गांधी उठून तासा-दोन तासांत गायब, हा वेगळाच प्रकार आहे, त्याला आपण अंगावर पित्त उठलं म्हणू.

आता मला जे सुचवायचंय ते. 'ऊन लागलं' म्हणता येत नाही कारण त्याचा अर्थ उष्माघाताकडे जातो. 'उन्हाळी लागली' तर अजिबात नको, ती लघवीची जळजळ, भलताच गोंधळ होईल. पण मराठीत 'बाधणं' हे झकास क्रियापद पडून आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला आपण म्हणतो नवं पाणी बाधलं. तेच पाणी पुढे सगळे पितात आणि काही होत नाही. तुमच्या पुरळाचं नेमकं हेच आहे. सगळा हिवाळा हात पूर्ण बाह्यांत, गळा मफलरमध्ये, कातडीला किरणांची सवय मोडलेली, आणि एकदम तीन-चार तास ऊन. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी दाणे. परत उन्हात गेलं नाही तर आठवडा-दहा दिवसांत डाग न ठेवता जातात. मग जूनपर्यंत थोडं थोडं ऊन अंगावर पडत राहिलं की कातडी सरावते आणि जुलैमध्ये तुम्ही तळ्यावर दिवसभर पडून राहिलात तरी काही होत नाही. चेहरा बहुतेक वेळा सुटतो तो पण म्हणूनच, तो बारा महिने उघडाच असतो. म्हणून माझं मत, हे 'नव्या उन्हाचं पुरळ', आणि बोलताना 'नवं ऊन बाधलं'. शब्दकोशात सापडणार नाही, मी जोडलेला आहे, पण आईंना एका दमात कळेल. प्रकाशजन्य बहुरूप स्फोट वगैरे लिहिण्यापेक्षा हे बरं, स्फोट म्हटलं तर घरचे घाबरायचे.

नुसता शब्दाचा हट्ट म्हणून सांगत नाहीये, नाव चुकलं की उपाय चुकतो. घामोळं समजून पावडर लावली, गार पाण्याने अंघोळ केली, सुती सैल टॉप घातला, तोही बिनबाह्यांचा, आणि वारा लागावा म्हणून बाल्कनीत जाऊन बसलात, की झालं, पुरळाला खाऊ घातलात. इथे लांब बाह्या हव्यात, आणि सनस्क्रीनच्या बाटलीवर गोलात यूव्हीए लिहिलेलं बघून घ्या. युरोपात त्या गोलाचा अर्थ असा की यूव्हीएपासूनचं संरक्षण एसपीएफच्या आकड्याच्या किमान एक तृतीयांश आहे, नुसता आकडा मोठा असून भागत नाही कारण एसपीएफ मुख्यतः चटक्याचं माप आहे. खाज फार असेल तर डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइडचं मलम देतात. ज्यांना दरवर्षी जोरात होतं त्यांना वसंताच्या सुरुवातीला दवाखान्यात मोजून किरण देऊन कातडी आधीच सरावून घेतात. उलट खरं घामोळं असलं आणि त्यावर जाड चिकट सनस्क्रीन थापलं तर नळ्या अजून तुंबतात.

राहिली रत्नागिरी. डिसेंबरमध्ये तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण पन्नास अंश वर असतो. म्युनिकमध्ये तेव्हा तो कसाबसा अठरा-एकोणीस अंशांवर येतो, पन्नास अंश गाठायला त्याला एप्रिलचा मध्य उजाडतो. म्हणजे तुम्ही विमानातून उतरलात ती थेट चार महिने पुढच्या उन्हात. तुमच्या कातडीसाठी ते नवंच ऊन, मग ते आईच्या अंगणातलं का असेना. पण कोकणात घामही येतो, त्यामुळे तेव्हाचं घामोळं होतं का हे फोटो असेल तर जागा बघून ठरवा. दंडावर बाही संपते त्या रेषेपासून खाली, गळ्याच्या त्रिकोणात, आणि घड्याळाच्या पट्ट्याखालची जागा मोकळी, असं असेल तर ऊन बाधलं. कंबरेला नाडीच्या जागी, ब्लाउजच्या आत, पाठीवर, कोपराच्या वळीत असेल तर आई बरोबर. दोन्ही एकदम पण असू शकतं, तेव्हा बाह्या लांब पण सुती आणि सैल, एवढाच मधला मार्ग.

फक्त दोन-तीन आठवडे होऊनही गेलं नाही, गालांवर आलं, डाग राहिले किंवा सोबत सांधे दुखायला लागले तर नाव शोधत बसू नका, डॉक्टरांना परत दाखवा, ल्युपस, म्हणजे संरक्षक यंत्रणा आपल्याच शरीरावर उलटते तो आजार, नाही ना ते तपासतात. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिच्यामुळेही कातडीला ऊन सोसत नाही. आणि आईंना पुढच्या कॉलवर एवढंच सांगून बघा की आई, घाम आलाच नव्हता, नवं ऊन बाधलंय. पावडर लावलीस का हे त्या पुन्हा विचारणार नाहीत, फार तर म्हणतील मग मेथीचे लाडू पाठवू का.