मर्जरमध्ये पगार शाबूत राहतो, रांगेतली जागा राहत नाही

प्रश्न: आमची कंपनी (चाकण, साधारण 400 माणसं) आमच्याच धंद्यातल्या एका मोठ्या कंपनीत विलीन होतेय. टाउनहॉलमध्ये 'सिनर्जी' हा शब्द वीस वेळा ऐकला. एचआर म्हणतं, पगार तेच, अटी त्याच, कुणाचं नुकसान नाही. मग कंपन्या एकत्र येतात तरी कशाला, आणि नंतर बिघडतं ते नेमकं काय? कुणी जवळून पाहिलंय का?

उत्तर:

दोनदा पाहिलंय. पगार-विभागात सव्वीस वर्षं काढली, त्यात दोन विलीनीकरणं अंगावरून गेली. माझ्या कंपन्यांची नावं सांगणार नाही. पण तुमचा प्रश्न ज्या जागी अडतो ती जागा दाखवायला एक उदाहरण आहे, आणि त्याची कागदपत्रं, संप, समिती असं सगळं जगजाहीर आहे: एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स, 2007.

दोन्ही सरकारच्याच. एअर इंडिया परदेशी मार्गांवर, मुख्यालय मुंबईत नरिमन पॉइंटला. इंडियन एअरलाइन्स मुख्यतः देशांतर्गत, मुख्यालय दिल्लीत. एकत्र आणायचं कारण कागदावर चोख होतं. नागपूरहून लंडनला जाणारा प्रवासी आपल्याच एका तिकिटावर नेता येईल. दोन दोन बुकिंग ऑफिसं, दोन हँडलिंग विभाग, दोन प्रशिक्षण केंद्रं लागणार नाहीत. विमानं, सुटे भाग, इंधन एकत्र घेतलं की भावात ताणता येईल. स्टार अलायन्ससारख्या विमान कंपन्यांच्या जागतिक गटात शिरायचं तर एकच कंपनी, एकच कोड हवा. तुमच्या टाउनहॉलमध्ये वीस वेळा जो शब्द ऐकलात तो हाच: दोन खर्चांचा एक करणे, आणि एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याला देणे. बहुतेक मर्जरमागे याहून खोल काही नसतं.

आता पहिली मेख. सुटे भाग एकत्र घ्यायचे म्हणावं, तर इंडियन एअरलाइन्सचा ताफा एअरबस ए320 घराण्याचा आणि एअर इंडियाचा भर बोइंगवर. एकाची चाकं दुसऱ्याला लागत नाहीत, एकाचा वैमानिक नव्या प्रशिक्षणाशिवाय दुसऱ्याचं विमान उडवू शकत नाही. त्यात विलीनीकरणाच्या आधीच दोघांनी आपापल्या ऑर्डरी देऊन टाकल्या होत्या: एअर इंडियाने 68 बोइंग, इंडियन एअरलाइन्सने 43 एअरबस, त्याही बहुतांशी कर्जावर. एकत्र खरेदीचा सगळ्यात मोठा फायदा ज्या व्यवहारात मिळाला असता तो लग्नाआधीच उरकलेला. कॅगने 2011 च्या अहवालात यावर नेमकं बोट ठेवलं आहे. तुमच्याकडे हे तपासणं सोपं आहे. दोन्ही कंपन्या कच्चा माल कुणाकडून घेतात आणि करार कधीपर्यंतचे आहेत, एवढं परचेसवाल्याला चहावर विचारा. पुरवठादार वेगळे आणि करार लांबचे असतील, तर सिनर्जीचा तो आकडा निदान पहिली काही वर्षं स्लाइडवरच राहणार.

पण एअर इंडिया खरी अडकली ती माणसांच्या यादीत, आणि तुम्हालाही जपायचं आहे ते तिथेच.

कायद्याच्या हिशेबाने विलीनीकरण झटपट झालं. मार्च 2007 अखेरीस नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया ही नवी कंपनी स्थापन झाली, ऑगस्टमध्ये विलीनीकरण अमलात आलं, आणि हिशेबासाठी ते 1 एप्रिल 2007 पासून धरलं गेलं. (तुमच्या विलीनीकरणाच्या योजनेतही अशा दोन तारखा दिसतील, 'अपॉइंटेड डेट' आणि 'इफेक्टिव्ह डेट'. पहिलीपासून हिशेब एक होतात, दुसरीपासून कंपनी एक होते.) मात्र दोन्हीकडच्या वैमानिकांची सामायिक ज्येष्ठता आणि वेतनरचना तेव्हा ठरलीच नाही. दोन संघटना, दोन करार, दोन याद्या तशाच चालू राहिल्या. वैमानिकाच्या कमाईत मूळ पगार थोडा आणि उड्डाणाशी बांधलेले भत्ते भरपूर. त्या भत्त्यांचे नियम दोन्हीकडे निराळे आणि कमांड मिळायला, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणारी वर्षंही निराळी. लोगो एक, कॅप्टनची खुर्ची मिळायच्या रांगा दोन.

याद्या एक करणं इतकं अवघड का, हे एका साध्या हिशेबावर कळेल. 'अ' कंपनीत 30 मॅनेजर, 'ब' मध्ये 10. 'अ' मधला एक जण 1996 ला लागला, बढत्या सावकाश म्हणून 2006 ला मॅनेजर झाला. 'ब' मधला 1999 ला लागला, 2003 लाच मॅनेजर झाला. यांच्यात ज्येष्ठ कोण? रुजू झाल्याची तारीख धरली तर 'अ' वाला, बढतीची धरली तर 'ब' वाला. दोघांचंही म्हणणं बरोबर, आणि दोघांकडेही तारखेचं पत्र. मग बहुतेक ठिकाणी तडजोड म्हणून प्रमाण लावतात: तीन 'अ' चे, एक 'ब' चा, पुन्हा तीन 'अ' चे, एक 'ब' चा. यात 'ब' मध्ये पाचवा असलेला माणूस एका रात्रीत विसावा होतो.

खरं तर एवढ्याने त्याचं नुकसान होत नाही. पूर्वी 'ब' मध्ये वर्षाला वरची एक जागा सुटायची आणि 'अ' मध्ये तीन. एकत्र चार सुटल्या तर विसाव्याचा नंबर पाचव्याच वर्षी लागतो, आधीसारखाच. पण मर्जर केलं कशासाठी होतं? दोन खर्चांचा एक करायला. म्हणजे वरच्या जागा चार राहणार नाहीत, दोन होतील. आता त्याचा नंबर दहाव्या वर्षी. पगार तोच, अटी त्याच, एचआर खोटं बोललेलं नाही, आणि माणसाच्या नोकरीतली पाच वर्षं गेली. ती कुठल्याच ताळेबंदात दिसत नाहीत.

एअर इंडियात हेच उफाळून आलं. 2011 च्या एप्रिल अखेरीस पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप पुकारला. काम तेच तर वेतन समान का नाही, ही मुख्य मागणी. दहाएक दिवस उड्डाणं कोलमडली. संप मिटला त्या महिन्यात सरकारने सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली, दोन्हीकडच्या वेतनश्रेण्या, ज्येष्ठता आणि बढत्या जुळवायला. तारीख पाहा: मे 2011. जे काम विलीनीकरणाच्या आधी सुरू व्हायला हवं होतं त्याला चार वर्षांनी मुहूर्त लागला, आणि अहवाल आला जानेवारी 2012 मध्ये.

तोवर नवी ठिणगी तयार होती. बोइंग 787, म्हणजे ड्रीमलायनर येणार होतं. ऑर्डर जुन्या एअर इंडियाची, त्यामुळे तिचे वैमानिक म्हणत की हे विमान आमच्या रांगेचं. व्यवस्थापनाने प्रशिक्षणाला दोन्हीकडचे वैमानिक पाठवायचं ठरवलं. एक कंपनी म्हटल्यावर ते न्याय्यच होतं. पण नव्या मोठ्या विमानावर दुसरीकडचे लोक आले की आपली कमांड लांबली, हा हिशेब प्रत्येक को-पायलटने मनात करून ठेवलेला. मे 2012 मध्ये जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी संप केला. तो 58 दिवस चालला, शंभराच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले, ऐन सुट्टीच्या हंगामात परदेशी उड्डाणं रद्द झाली. एका वर्षाच्या अंतराने दोन संप, दोन्ही बाजूंचे, आणि दोघांनाही हेच वाटत होतं की दुसऱ्याचं भलं झालं.

तोटा 2007-08 मध्ये सुमारे 2,200 कोटी होता, तो 2011-12 मध्ये साडेसात हजार कोटींवर गेला. सगळं खापर मर्जरवर फोडू नका. 2008 मध्ये तेल भडकलं, मग मंदी आली, स्वस्त विमान कंपन्यांनी भाडी पाडली आणि कर्जाचं व्याज चालूच होतं. किंगफिशर आणि जेट खासगी असून बुडाल्या, आणि त्या दोघींनीही 2007 मध्येच एकेक कंपनी विकत घेतली होती. पण ज्या वर्षांत व्यवस्थापनाने खर्चाकडे बघायला हवं होतं त्या वर्षांत ते दोन याद्या सांभाळत बसलं, हे खरंच. तिकिटावरचे IC आणि AI हे दोन कोड जाऊन एक व्हायलासुद्धा 2011 उजाडलं. स्टार अलायन्सचं दार तर 2014 मध्ये उघडलं.

याच कंपनीचा पुढचा अध्याय तुलनेला बरा आहे. जानेवारी 2022 मध्ये ती टाटांकडे गेली, नंतर टाटांची दुसरी विमान कंपनी विस्तारा तिच्यात विलीन करायचं ठरलं. 2024 च्या मार्च-एप्रिलमध्ये विस्ताराच्या वैमानिकांनी नव्या पगारपत्रकावर आवाज उठवला, कारण आधी महिन्याला 70 तास उड्डाणाचा पगार हमखास मिळे, नव्या रचनेत 40 तासांचाच. बरेच जण आजारी पडले (एकदम इतके आजारी कसे, ते तुम्ही समजा), उड्डाणं कमी करावी लागली. पण हे भांडण विलीनीकरणाच्या आधी झालं. प्रत्यक्ष विलीनीकरण 12 नोव्हेंबर 2024 ला. आधी भांडलेलं स्वस्त पडतं.

माझ्या दुसऱ्या कंपनीत याचीच छोटी आवृत्ती झाली. आमच्याकडे 'सीनियर इंजिनिअर' ही पायरी होती, त्यांच्याकडे नव्हतीच. आमचे अकरा सीनियर त्यांच्या 'इंजिनिअर' मध्ये बसवले, पगाराला एक रुपयाचा धक्का न लावता. दीड वर्षात त्यातले सात गेले. साच्यांची देखभाल त्या सातांपैकी दोघांच्या हातात होती. पुढचे कित्येक महिने लाइन का थांबते हे वरच्यांना कळेना.

तुमच्यासाठी कामाचं सांगतो. कंपनी महाराष्ट्रात नोंदलेली असेल तर योजना साधारणपणे एनसीएलटीच्या, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे जाते. लिस्टेड असेल तर तिची प्रत शेअर बाजाराच्या साइटवर मिळते. त्यात कर्मचाऱ्यांविषयी एक कलम असतं: सेवा अखंड धरली जाईल, अटी आजच्याहून कमी नसतील. ते शब्द आहेत ना, एवढं बघा, कारण ग्रॅच्युइटी आणि रजा त्यावर ठरतात. बढतीविषयी त्या कलमात बहुधा एक अक्षर नसतं. म्हणून एचआरला 'नुकसान होईल का' असं विचारू नका. आमच्या श्रेणी त्यांच्या कुठल्या श्रेणीत बसणार, याचा तक्ता कधी निघणार, ज्येष्ठता रुजू तारखेवर की बढतीच्या तारखेवर, आणि माझ्या वरच्या श्रेणीत एकत्र किती जागा राहणार, हे विचारा, तेही ईमेलवर. इफेक्टिव्ह डेटच्या आधी तक्ता हातात आला तर ती कंपनी काम समजून करतेय. 'ते नंतर बघू' असं उत्तर आलं, तर तुमच्या हातातल्या प्रत्येक बढतीच्या पत्राची प्रत तारखेनिशी घरी नेऊन ठेवा.