आठवड्याची बेरीज ५७ तास, शीट दाखवते 9:35

प्रश्न: बडोद्यात एका वर्कशॉपची हजेरी एक्सेलमध्ये ठेवतो. सहा दिवसांचे तास जोडले तर उत्तर 9:35 येतं, हाताने ५७ तासांच्या वर जातं. शिवाय मशीनची मिनिटं नुसती 215 अशी लिहिलेली आहेत, ती तास-मिनिटांत दाखवायला गेलो तर 0:00 दिसतं. काय चुकतंय?

उत्तर:

मीही मकरपुऱ्यात एका छोट्या कारखान्याचं हजेरीपत्रक सात-आठ वर्षं सांभाळलंय, त्यामुळे तुमचा 9:35 ओळखीचा वाटला. तुमची बेरीज बरोबरच आहे, फक्त ती अर्धवट दिसतेय.

एक्सेल वेळ तासांत ठेवत नाही, दिवसांत ठेवतं. पूर्ण दिवस म्हणजे १, सकाळचे सहा म्हणजे 0.25. तुमचे आकडे साधारण असे असतील असं धरू: 9:20, 8:45, 10:10, 9:35, 8:50, 10:55. बेरीज ५७ तास ३५ मिनिटं, म्हणजे सेलच्या पोटात 2.3993 दिवस. पण सेलचा फॉरमॅट h:mm असला की तो घड्याळासारखा वागतो. दोन पूर्ण दिवस, म्हणजे ४८ तास, बाजूला टाकतो आणि उरलेले 9:35 दाखवतो. गंमत अशी की 9:35 हा एका दिवसाच्या कामासारखाच दिसतो, म्हणून चूक पटकन डोळ्यात भरत नाही.

बेरजेच्या सेलवर जाऊन Ctrl+1 दाबा, Custom निवडा आणि Type मध्ये हे लिहा:

```
[h]:mm
```

चौकटी कंसामुळे तास २४ ला परत शून्यावर येत नाहीत, पुढे मोजले जातात. 57:35 दिसेल. गुगल शीट्समध्ये हेच Format, Number, मग Custom number format मध्ये लिहायचं. तिथे Duration हा तयार पर्यायही आहे, पण तो सेकंदही दाखवतो.

आता 215. तुमच्या दृष्टीने ती मिनिटं आहेत, एक्सेलच्या दृष्टीने २१५ दिवस. पूर्ण दिवसच असल्यामुळे वर घड्याळाचं काही उरत नाही, म्हणून 0:00. त्यावर नुसता [h]:mm लावलात तर 5160:00 येईल, कारण २१५ गुणिले २४. असा अवाढव्य आकडा दिसला की समजायचं, भागाकार राहिलाय. दिवसात १४४० मिनिटं, म्हणून:

```
=C2/1440
```

आणि या सेलला [h]:mm. उत्तर 3:35. बरेच जण ६० ने भागतात. तेव्हा 3.58 येतं आणि ते बिनधास्त ‘तीन तास अठ्ठावन्न मिनिटं’ असं वाचलं जातं. ते खरं तर साडेतीन तासांपेक्षा पाचच मिनिटं जास्त आहे.

याच टिंबावरून एक विचारतो: हजेरी भरणारा मुलगा 9:20 च्या जागी 9.20 तर लिहीत नाही ना? आमच्याकडे लिहायचा, कारण नंबरपॅडवर टिंब हाताशी असतं आणि कोलन नसतो. वरचेच सहा आकडे टिंबाने लिहिले तर बेरीज 56.15 येते. दिसायला अगदी भली, पण एक तास वीस मिनिटांनी कमी, कारण तिथे शंभर मिनिटांचा तास धरला जातो. आधीच भरलेला रकाना दुरुस्त करायचा असेल तर शेजारच्या रकान्यात:

```
=INT(B2)/24+ROUND(MOD(B2,1)*100,0)/1440
```

हे सूत्र फक्त टिंबवाल्या आकड्यांसाठी. कोलनने नीट लिहिलेल्या वेळेवर लावलंत तर तीही बिघडेल. तसंच 9.75 सारखा आकडा दिसला तर थांबा. पंचाहत्तर मिनिटं कोणी लिहीत नाही, तिथे ‘पावणेदहा तास’ असंच म्हणायचं असेल. ते विचारूनच ठरवा.

आणि पगार याच शीटवरून काढत असाल तर एक पायरी राहते. मी एकदा बेरजेला थेट दराने गुणलं. ताशी ८० रुपये, ५७ तास ३५ मिनिटं, आणि उत्तर १९१ रुपये ९४ पैसे! कारागीर काका चिठ्ठी घेऊन आले, टेबलावर ठेवली, एक शब्द बोलले नाहीत. दिवसांना ताशी दराने गुणलं होतं. आधी तास करायला हवेत:

```
=SUM(B2:B7)*24*80
```

हे ४,६०६ रुपये ६७ पैसे. या सेलला एक्सेल स्वतःहून वेळेचा फॉरमॅट चिकटवू शकतं, मग रुपयांच्या जागी भलतीच वेळ दिसते. तिथे Number फॉरमॅट द्या.