आधी ‘अणू’ शोधा

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे, मराठी माध्यमात. विज्ञानासाठी मराठीतून चांगल्या वेबसाइट कोणत्या? आणि त्या चांगल्या आहेत हे मला कसं कळणार? माझं विज्ञान सुटून वीस वर्षं झाली.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. तुम्हाला स्वतः तपासता येईल अशी एक खूण सांगते, त्यासाठी विज्ञान आठवत असण्याची गरज नाही. साइटवर रसायनशास्त्राचं एखादं पान उघडा आणि ‘अणू’ हा शब्द कशासाठी वापरलाय ते बघा.

आपल्या पुस्तकात मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण म्हणजे अणू, आणि अणू एकमेकांना जोडून होतो तो रेणू. हिंदीत त्या पहिल्या कणाला परमाणु म्हणतात, आणि हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. शब्द एकच, अर्थ मात्र भलताच. हिंदी मजकूर घाईघाईने मराठीत उतरवून तयार केलेल्या साइट बऱ्याच आहेत, आणि त्यांत हा घोटाळा हमखास सापडतो. ‘पाण्याच्या एका अणूत हायड्रोजनचे दोन परमाणू असतात’ असं वाक्य दिसलं की ते पान मराठी मुलांसाठी लिहिलेलं नाही हे समजा.

यात फक्त शब्दाचा प्रश्न असता तर मी एवढं ताणलं नसतं. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीचं गणित यामुळेच चुकलं होतं. ‘द्रव्याचे मोजमाप’ हा धडा चालू होता आणि छत्तीस ग्रॅम पाण्यात एकूण किती अणू असतात, असं मी विचारलं होतं. पाण्याचा रेणू H₂O, त्याचं रेणुवस्तुमान 1 + 1 + 16 = 18. म्हणजे 18 ग्रॅम पाणी हा एक मोल, एका मोलमध्ये 6.022 × 10²³ रेणू, आणि पाण्याच्या एका रेणूत तीन अणू. पुढची मांडणी अशी:

36 ÷ 18 = 2 मोल
2 × 6.022 × 10²³ = 1.2044 × 10²⁴ रेणू
3 × 1.2044 × 10²⁴ = 3.6132 × 10²⁴ अणू

ती दुसऱ्या ओळीवरच थांबली आणि खाली ‘अणू’ लिहून मोकळी झाली. आकडेमोड अगदी बरोबर, उत्तर मात्र खऱ्याच्या एक तृतीयांश. मी खूण केली तेव्हा ती म्हणाली, “बाई, मी साइटवर बघून पक्कं केलंय.” तिने फोनवर पान दाखवलं. तिथे खरोखरच पाण्याच्या ‘अणूंची’ संख्या म्हणून तोच आकडा दिला होता. पोरीची काहीच चूक नव्हती, आणि तेच मला फार लागलं.

असाच दुसरा शब्द म्हणजे क्षार. आपल्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार आणि पाणी तयार होतं, म्हणजे मीठ हा एक क्षार. हिंदीत त्याला लवण म्हणतात, आणि तिथला क्षार हा आपल्या आम्लारींच्या गोटातला. पण इथे जरा सांभाळून. मराठीतल्या जुन्या वैज्ञानिक लेखनातही लवण हा शब्द येतो, तसंच वस्तुमानाऐवजी द्रव्यमान हाही येतो. त्यामुळे एवढ्यावरून साइट बाद करू नका. अणू-रेणूची खूण त्यामानाने भरवशाची, कारण जुन्या मराठी लेखनातही ते दोन शब्द आपल्याच अर्थाने आहेत.

हीच गोष्ट शोधतानाही कामाला येते. नुसतं ‘तत्व’ टाकलं की हिंदी पानांचा ढीग पुढे येतो, ‘मूलद्रव्य’ टाकलं की मराठी पानं वर येतात. तसंच ‘यौगिक’ ऐवजी ‘संयुग’, ‘लेंस’ ऐवजी ‘भिंग’. देवनागरीत टाइप करा आणि शब्द मुलीच्या पुस्तकात जसा छापलाय तसाच घ्या. एकाच साइटवर शोधायचं असेल तर गूगलमध्ये असं लिहा:

```
site:marathivishwakosh.org रेणू
```

आता साइट कोणत्या. पहिली बालभारतीची, ebalbharati.in. पुस्तकांच्या पीडीएफ तिथे फुकट मिळतात, आणि बाकी सगळं ताडून बघायचं ते याच पुस्तकाशी. त्यानंतर दीक्षा, diksha.gov.in. बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ क्यूआर कोड असतात, ते दीक्षाच्या अ‍ॅपने स्कॅन केले की त्या धड्याचं साहित्य उघडतं. सगळे व्हिडिओ एका दर्जाचे नाहीत. काहींत शिक्षक नीट प्रयोग करून दाखवतात, काहींत पुस्तकच वाचून दाखवलेलं असतं. पहिल्या दोन मिनिटांत पुस्तकात नसलेलं एकही उदाहरण आलं नाही तर मी पुढचा व्हिडिओ लावते.

मराठी विश्वकोश संदर्भासाठी फार चांगला, पण नववीच्या मुलीच्या हातात थेट देऊ नका. नोंदी दाट आहेत. तुम्ही आधी वाचा, मग तिला सांगा. आणि phet.colorado.edu नक्की बघा. कोलोराडो विद्यापीठाचा हा प्रकल्प आहे. विजेचं सर्किट जोडणं, अणू जुळवून रेणू करणं अशा गोष्टी पडद्यावर हाताने करता येतात. प्रत्येक प्रयोगाच्या पानावर भाषांतरांची यादी असते, त्यात मराठी आहे का ते पाहा. भाषांतरं स्वयंसेवकांनी केलेली असतात, म्हणून तिथेही शब्द एकदा पुस्तकाशी लावून घ्या.

शब्दांची खूण सगळंच पकडत नाही. शब्द चोख असूनही शिकवणं पोकळ असू शकतं, विशेषतः ‘स्वाध्यायाची उत्तरे’ देणाऱ्या पानांवर. त्यासाठी एक सोडवलेलं उदाहरण निवडा आणि उत्तराची ओळ कागदाने झाका. वरची मांडणी वाचून मुलीला शेवटची पायरी स्वतः करता आली तर ते पान शिकवतंय. वरच्याच गणितात 18 कुठून आले हे न सांगता थेट ‘2 मोल’ लिहिलेलं असेल, किंवा आकड्यापुढे ग्रॅम, मोल, रेणू यांतलं काहीच नसेल, तर त्या पानावरून उत्तर वहीत उतरेल, पण पुढच्या वेळी पाण्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आला की ती अडेल. हवं तर हेच करून बघा: 44 ग्रॅम CO₂ मध्ये किती अणू? रेणुवस्तुमान 12 + 16 + 16 = 44, म्हणजे एक मोल, आणि एका रेणूत तीन अणू, म्हणून 1.8066 × 10²⁴.

एखादं पान बाकी सगळं उत्तम समजावतं आणि फक्त शब्द वेगळे वापरतं, असंही होईल. तेव्हा ते सोडू नका. मी मुलांना वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखायला सांगते, डावीकडे साइटवरचा शब्द आणि उजवीकडे पुस्तकातला. परीक्षेत उजवीकडचाच लिहायचा.