गाडी विकली, पैसे आले, तरी बॅलन्सशीटवर गाडी उभीच!

प्रश्न: मॅडम, आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे नाशिकला. कंपनीची कार 1 एप्रिल 2019 ला 9,60,000 ला घेतलेली, 30 सप्टेंबर 2025 ला 1,75,000 ला विकली. अकाउंटंटने आलेले पैसे सरळ वाहन खात्यातून वजा केले. आता ऑडिटर म्हणतात एन्ट्री चुकली, तोटा दाखवा. तोटा दाखवला तर इनकम टॅक्सचा त्रास होईल का? आरसी अजून आमच्याच नावावर आहे, ते वेगळंच टेन्शन.

उत्तर: ऑडिटर बरोबर बोलतायत, आणि तोटा दाखवण्यात घाबरण्यासारखं काहीच नाही, खरी भीती आत्ता जे पुस्तकात आहे त्याची आहे. बघा, वाहन खात्यात 9,60,000 मधून 1,75,000 गेले, राहिले 7,85,000. मार्च 2025 पर्यंतचा जमलेला घसारा 6,84,000 तसाच पडून आहे. म्हणजे बॅलन्सशीट सांगतंय की कंपनीकडे 1,01,000 ची कार आहे, आणि ती कार तर दुसऱ्याच्या दारात उभी आहे. अशा हिशोबावर डायरेक्टर म्हणून सही तुमची असणार, आणि कंपनी कायद्याच्या कलम 129 प्रमाणे हिशोबातून खरं चित्र दिसायला हवं, म्हणून बोर्डाने हिशोब पास करायच्या आधीच हे दुरुस्त करून घ्या.

आधी विक्रीच्या दिवसापर्यंतचा घसारा लावा, हे बरेच जण विसरतात. कारचं आयुष्य 8 वर्षं आणि शेवटी उरणारी किंमत 5 टक्के धरली तर वर्षाला 1,14,000 घसारा येतो (तुमचा 6,84,000 चा आकडा याच हिशोबाने आलाय), म्हणजे एप्रिल ते सप्टेंबरचा 57,000. एकूण घसारा झाला 7,41,000, गाडीची पुस्तकी किंमत 2,19,000, आणि तोटा 44,000. आता 57,000 आणि 44,000 ची बेरीज करून बघा, बरोबर तोच 1,01,000 येतो जो बॅलन्सशीटवर अडकून बसलाय.

मग टॅलीत "वाहन विक्री" नावाचं एक खातं उघडा. जुनी चुकलेली एन्ट्री डिलीट अजिबात करू नका, एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग चालू ठेवावा लागतो आणि मागे जाऊन खोडलेलं त्यात दिसतं, त्यापेक्षा उलटी एन्ट्री टाका: वाहन खातं डेबिट 1,75,000, वाहन विक्री क्रेडिट. त्यानंतर पूर्ण मूळ किंमत 9,60,000 वाहन खात्यातून काढून वाहन विक्रीला डेबिट करा, आणि घसारा खातं 7,41,000 ने डेबिट करून वाहन विक्रीला क्रेडिट द्या. वाहन विक्री खात्यात 44,000 डेबिट उरतील, ते नफा-तोट्यात न्या. या कारपुरतं वाहन खातं शून्य, घसारा खातं पण शून्य, तसं झालं नाही तर कुठेतरी एक पाय राहिलाय असं समजा. नुसती उरलेली किंमत 2,19,000 काढून टाकायचा शॉर्टकट घेऊ नका, मूळ किंमत आणि घसारा दोन्ही पुढच्या वर्षी फुगलेलेच दिसतील.

इनकम टॅक्सचं गणित वेगळं आहे. तिथे हा 44,000 चा तोटा खर्च म्हणून मिळत नाही, रिटर्नमध्ये नफ्यात परत मिळवायचा आणि 15 टक्के घसारा लागणाऱ्या मालमत्तांच्या गटातून, म्हणजे ब्लॉकमधून, विक्रीचे 1,75,000 वजा करायचे. टॅक्सच्या हिशोबाने त्या कारची शिल्लक साधारण 3,62,000 येते. ब्लॉकमध्ये तुमची मशिनरी वगैरे असेल तर फरक ब्लॉकमध्येच राहून त्यावर पुढेही घसारा मिळत जाईल, पण ही कार ब्लॉकमधली एकमेव वस्तू असेल तर ब्लॉक संपतो आणि अंदाजे 1,87,000 चा शॉर्ट टर्म कॅपिटल लॉस होतो, जो फक्त कॅपिटल गेनमधूनच वजा होतो. जीएसटीतही याच टॅक्सच्या शिलकेशी तुलना होते, पुस्तकी किमतीशी नाही. विक्री किंमत त्याखाली असल्याने मार्जिन निगेटिव्ह, म्हणून जीएसटी लागत नाही, फक्त कार घेताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेतलेलं नसावं.

आरसीचं सांगते. पुस्तकातून गाडी काढायला आरसी बदलायची वाट बघायची नसते, पैसे घेऊन गाडी आणि किल्ली दिली की विक्री झाली. पण अपघात झाला तर गोष्ट वेगळी, आरटीओच्या रेकॉर्डला नाव ज्याचं तोच मालक धरला जातो, सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये नवीन कुमार प्रकरणात हे स्पष्ट सांगितलंय. फॉर्म 29 विकणाऱ्याने 14 दिवसांत द्यायचा असतो, तो दिला नसेल तर उद्याच द्या, आणि फॉर्म 30 वर खरेदीदाराची सही मिळवून ट्रान्सफर होईपर्यंत त्याच्या मागे लागा. डिलिव्हरीची तारीख-वेळ लिहिलेली पावती, त्याच्या आधारची कॉपी आणि बँक एन्ट्री एकत्र फाइलला लावा, ऑडिटरही विक्रीचा पुरावा म्हणून हीच कागदं मागतील.