ड्राइव्हवर शेअर केलेल्या फाइलचे डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी बंद केले तर ती फाइल बाहेर जाणार नाही ना?

जाईल. त्या सेटिंगमुळे फक्त पर्याय नाहीसे होतात. मजकूर पडद्यावर तसाच राहतो आणि पडद्याचा स्क्रीनशॉट घेणे त्या सेटिंगने थांबत नाही.

मी पुण्यात बारावीच्या मुलांना पुस्तपालन व लेखाकर्म शिकवतो. काही वर्षांपूर्वी 86 पानांच्या टिपणांची पीडीएफ मी ड्राइव्हवर ठेवली, शेअरच्या खिडकीतील गिअरच्या चिन्हात जाऊन व्ह्यूअर आणि कमेंटर यांच्यासाठीचा तो पर्याय बंद केला आणि लिंक तिन्ही बॅचना पाठवली. ‘‘सर, आता कोणाची बिशाद आहे!’’ असे माझे भागीदार म्हणाले होते. दोन महिन्यांनी आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात तीच टिपणे स्पायरल बाइंडिंग करून विकायला ठेवलेली दिसली.

मी एक प्रत विकत घेतली. पहिल्या पानाच्या वरच्या कडेला मोबाइलची बारीक पट्टी छापली गेली होती: वेळ 11:42, बॅटरी 23 टक्के. शेवटच्या पानावर 12:09 आणि 17 टक्के. म्हणजे कोणीतरी रात्री सत्तावीस मिनिटे बसून एकेका पानाचा स्क्रीनशॉट घेतला होता. कोणतेही कुलूप तोडण्याची त्याला गरजच पडली नव्हती.

सुदैवाने प्रत्येक बॅचची फाइल मी वेगळी केली होती. एका उदाहरणातील व्यापाऱ्याचे गाव एकीत सासवड, दुसरीत जेजुरी आणि तिसरीत शिरूर असे होते. दुकानातील प्रतीत जेजुरी निघाले, म्हणजे संध्याकाळची बॅच. मात्र त्या बॅचमध्ये चाळीस मुले होती, त्यामुळे शोध तिथेच थांबला. प्रत्येक पानावर विद्यार्थ्याचे नाव फिकट अक्षरांत छापावे असे मी आधीच सुचवले होते, पण ‘‘मुलांवर संशय घेतल्यासारखे दिसेल’’ म्हणून भागीदारांनी ते होऊ दिले नव्हते. नावामुळेही स्क्रीनशॉट थांबला नसता, हे खरे. पण स्वतःचे नाव असलेली पाने दुकानात नेऊन द्यायला मुलगा दहादा कचरला असता.

तरीही ते सेटिंग मी आजही वापरतो, कारण सहज म्हणून फाइल उतरवून ग्रुपवर टाकणारे त्याने थांबतात आणि वर्ष संपल्यावर परवानगी काढून घेतली की बहुतेकांकडे काहीच उरत नाही. सेटिंग बदलण्यापूर्वी ज्यांनी फाइल उतरवून घेतली, त्यांच्या प्रतीला मात्र हात लावता येत नाही.

लिंक असलेल्या कोणालाही फाइल उघडेल असे ठेवू नका; एकेकाच्या ईमेलला परवानगी द्या. कोणाला एडिटर केले असेल, तर परवानग्या बदलण्याचा आणि पुढे शेअर करण्याचा त्याचा अधिकारही त्याच खिडकीतून काढून घ्या. आमच्याकडे तो अधिकार भागीदारांना होता, आता नाही.