अमेरिकेत वार्तांकन: आय व्हिसा आणि कॅमेऱ्याचे कागद

प्रश्न: बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अमेरिकेतल्या अधिवेशनाच्या बातम्या करायला आमच्या चॅनलकडून मी आणि कॅमेरामन असे दोघं जाणार आहोत. दोघांकडे बी१/बी२ व्हिसा आहे, आयोजक प्रेस पास देतायत. एवढ्यावर भागेल का? कॅमेऱ्याचं सामान कसं न्यायचं?

नाही भागणार. बी१/बी२वर तुम्ही अधिवेशनाला प्रेक्षक म्हणून जाऊ शकता, पण तिथून बातमी पाठवली की ते पत्रकाराचं काम झालं आणि त्यासाठी आय व्हिसा लागतो. कॅमेरामनलाही वेगळा आय व्हिसा काढावा लागेल. आयोजकांचा पास सभागृहाच्या दारापुरता असतो. विमानतळावरच्या अधिकाऱ्यापुढे तुम्ही पर्यटक म्हणून उभे राहिलात आणि पेटीतून कॅमेरा, ट्रायपॉड आणि चॅनलच्या बोधचिन्हाचा माइक निघाला, तर तिथूनच परत पाठवू शकतात.

आणखी एक मेख आहे. आय व्हिसा बातमी आणि माहितीपर कामासाठी आहे. अधिवेशनातला गाण्यांचा अख्खा कार्यक्रम चित्रित करून तो दिवाळीला मनोरंजनाचा कार्यक्रम म्हणून दाखवायचा बेत असेल, तर तो त्यात बसत नाही. तेव्हा नेमकं काय करणार हे संपादकांशी आधीच ठरवून घ्या.

अर्जाचा फॉर्म डीएस-१६०च. प्रवासाच्या हेतूत FOREIGN MEDIA REPRESENTATIVE (I) निवडा. मुलाखतीत खरा आधार असतो तो चॅनलच्या लेटरहेडवरच्या पत्राचा. त्यात तुमचं नाव, हुद्दा, कशासाठी जाताय आणि किती दिवस राहणार, हे चारही हवं. ‘अमेरिका दौऱ्यावर पाठवत आहोत’ असं मोघम पत्र काही कामाचं नाही. अधिवेशनाचं नाव, शहर, तारखा आणि रोज किती बातम्या करणार हे लिहा. कॅमेरामनचं पत्र वेगळं, त्यात त्याचा हुद्दा. तो पगारी नसून कामापुरता घेतलेला असेल, तर पत्राऐवजी चॅनलशी झालेल्या कराराची प्रत लागते. कराराशिवाय निव्वळ ‘फ्रीलान्स’ म्हणून गेलात तर आय व्हिसा मिळणं अवघड. आयोजकांचं मान्यतापत्र आणि तुमच्या नावाने गेलेल्या काही बातम्या जोडा. मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून मान्यतापत्राची वाट पाहत फॉर्म अडवून ठेवू नका.

आता सामान. दोन कागदांची लोक गल्लत करतात. मुंबईहून निघताना कस्टम्सकडून घ्यायचा निर्यात दाखला फक्त परतताना उपयोगी पडतो, म्हणजे तोच कॅमेरा परत आणताना ‘नवीन घेतला’ म्हणून शुल्क लागू नये यासाठी. अमेरिकी कस्टम्सवर तो बंधनकारक नाही. दोन्ही बाजूंना चालतं ते एटीए कार्नेट, म्हणजे सामान शुल्क न भरता तात्पुरतं परदेशी नेऊन परत आणायचा आंतरराष्ट्रीय कागद. भारतात ते फिक्की देते, मुदत एक वर्ष, आणि सामानाच्या किमतीच्या प्रमाणात तारण द्यावं लागतं. हातात मावणारा एखादा कॅमेरा असेल तर मी दाखल्यावर भागवेन. पण मोठा कॅमेरा, लेन्स, दिवे, लाइव्हचं यंत्र असा संच असेल तर कार्नेटच घ्यावं.

कार्नेटच्या यादीत प्रत्येक वस्तूचं वर्णन, सिरीयल नंबर, नग, किंमत आणि बनवणारा देश येतो. नंबर बिलावरून उतरवू नका, वस्तू उलटी करून तिच्यावरूनच लिहा. दुरुस्तीत बॉडी बदललेली असते, बिल मात्र जुनंच. आणि एकदा कार्नेट निघालं की यादीत भर घालता येत नाही.

शिक्के चार: मुंबईहून निघताना पिवळ्या पानावर, अमेरिकेत शिरताना आणि तिथून निघताना पांढऱ्या पानांवर, परत आल्यावर पुन्हा पिवळ्यावर. मुंबईत पेट्या चेक-इनला देण्याआधी कस्टम्सकडे जा, कारण वस्तू दाखवावी लागते. अमेरिकेतला पहिला शिक्का तुम्ही ज्या विमानतळावर प्रथम उतरता तिथेच. नेवार्कला उतरून पुढे सॅन फ्रान्सिस्कोला जायचं असेल, तर नेवार्कलाच. सगळ्यात जास्त चुकतो तो तिसरा. परतीच्या गडबडीत पेट्या देऊन मोकळे होतात, मग अमेरिकेच्या हिशेबी सामान तिथेच राहिलेलं असतं आणि शुल्काची मागणी येते. तसं झालंच तर मुंबईचा परतीचा शिक्का पुरावा म्हणून कामी येतो, म्हणून तो तरी चुकवू नका.

सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच, टोकांना टेप लावून. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केलं की वॉट-तास येतात. १४.४ × ६.८ म्हणजे ९८, सहसा बिनघोर. १४.४ × १०.४ म्हणजे सुमारे १५०, अशा माणशी दोनच आणि त्याही विमान कंपनीच्या परवानगीने. १६०च्या वरची घरीच ठेवा.

वायरलेस माइकवरची फ्रिक्वेन्सीही बघून घ्या. ६१७ ते ६५२ आणि ६६३ ते ६९८ मेगाहर्ट्झ हे पट्टे अमेरिकेत मोबाइल कंपन्यांकडे गेलेत, २०२०पासून तिथे माइक वापरायला बंदी आहे. तुमचा संच त्यात येत असेल तर माइक तिथेच भाड्याने घ्या.